‘राष्ट्रीय’मध्ये अक्षरं किती? तीन, पाच, नऊ की सत्तावीस?

अर्जात ‘कमाल १०० अक्षरे’ असं लिहिलेलं असतं. आपण मोजून साठ-पासष्ट अक्षरं लिहितो आणि चौकट पुढे टंकूच देत नाही. यंत्र चुकीचं मोजत नसतं, पण ते मोजतं ती गोष्ट आपल्या अक्षराहून वेगळी असते.

‘राष्ट्रीय’ हा शब्द घेऊ. शाळेत शिकलो त्या हिशेबाने तो तीन अक्षरी: रा, ष्ट्री, य. संगणकात प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या युनिकोड या पद्धतीत मात्र जोडाक्षराला स्वतःचा क्रमांक नाही. तिथे व्यंजनं सुटी ठेवतात आणि त्यांच्यामध्ये पाय मोडण्याची खूण, म्हणजे हलन्त, घालतात. काना, वेलांटी यांनाही स्वतंत्र क्रमांक आहेत. त्यामुळे साठवलेला शब्द असा असतो: र, ा, ष, ्, ट, ्, र, ी, य. एकूण नऊ चिन्हं. ष्ट्री हा आकार पडद्यावर घडवतो तो फॉन्ट. साठवणीत तो कुठेच नसतो.

बहुतेक मोजणीयंत्रं हे नऊ सांगतात. वेबपानावरच्या चौकटीतली `maxlength` ही मर्यादाही असंच मोजते. मर्यादा नेमकी शब्दाच्या मध्ये संपली, तर तो चिन्हांच्या सीमेवर तुटतो, अक्षराच्या नव्हे. सहाव्या चिन्हावर कापलं की ‘राष्ट्’ उरतं, शेवटी मोडका पाय घेऊन. मराठी मजकुराच्या शेवटी असा लोंबणारा हलन्त दिसला, की मर्यादेनेच तो कापला असावा असं समजायला हरकत नाही.

सत्तावीस हा आकडा बाइटांचा. यूटीएफ-८ या साठवणपद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. एसएमएसची पद्धत वेगळी: इंग्रजीत एका संदेशात १६० अक्षरं बसतात, पण देवनागरी आली की साधारणपणे ७० चिन्हंच. त्यातली नऊ एकट्या ‘राष्ट्रीय’ने खाल्ली.

शब्दमोजणी खरं तर सोपी असायला हवी: जागा सुटली की नवा शब्द. मोकळ्या जागा मोजणारी यंत्रं मराठीतही बरोबर चालतात. घोटाळा होतो तो ‘सलग अक्षरं म्हणजे शब्द’ असा नियम लावल्यावर. पायथॉन भाषेत `\w` हा नियम काना, वेलांटी आणि हलन्त यांना अक्षर मानतच नाही. म्हणून प्रत्येक मात्रेपाशी शब्द तुटतो:

```
import re
s = "राष्ट्रीय"
len(s)                   # 9
len(s.encode("utf-8"))   # 27
re.findall(r"\w+", s)    # ['र', 'ष', 'ट', 'र', 'य']
```

एका शब्दाचे पाच झाले. जावास्क्रिप्टमध्ये हाच `\w` फक्त इंग्रजी अक्षरं, अंक आणि अधोरेखा ओळखतो, म्हणून तिथे शून्य शब्द येतात. एखादं यंत्र पारखायचं असेल तर त्यात हा एकच शब्द टाकून पाहा. शब्दसंख्या एक आली नाही, तर मराठी लेखाच्या मानधनाचा हिशेब त्यावर करू नये.

आता उरले तीन आणि पाच. वाचणाऱ्याला जे एक अक्षर वाटतं, त्याच्या सीमा कुठे पाडायच्या याचे युनिकोडचे नियम आहेत. जुन्या नियमात मात्रा व्यंजनाला चिकटत, पण हलन्तानंतर सीमा पडे: रा, ष्, ट्, री, य. म्हणून पाच. तमिळमध्ये व्यंजनावर टिंब देऊन अक्षर सुटंच ठेवतात, तिथे हे योग्य आहे. मराठीला ते लागू पडत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या १५.१ आवृत्तीत देवनागरी, बंगाली, गुजराती, उडिया, तेलुगू आणि मल्याळम या लिपींसाठी जोडाक्षर अखंड धरण्याचा नियम आला आणि उत्तर तीन झालं. मात्र ज्या प्रणाली अजून जुनी आवृत्ती वापरतात, तिथे पाचच दिसतील.

मराठीची खास अडचण ‘दऱ्या’सारख्या शब्दांत आहे. हा आडवा अर्धा र दोन तऱ्हांनी टंकता येतो. एकात नुक्त्याचा ‘ऱ’ वापरतात, तेव्हा शब्द पाच चिन्हांचा होतो. दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडखूण घालतात, तेव्हा सहा चिन्हं होतात. बहुतेक फॉन्टांत दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून एकच मजकूर दोघांनी टंकला तर मोजणी वेगळी येते आणि शोध घेताना एक रूप सापडतं, दुसरं निसटतं. नको असलेली अदृश्य चिन्हं गाळणाऱ्या एखाद्या यंत्राने ती जोडखूणही काढली, तर रफार तयार होतो आणि डोंगरातल्या ‘दऱ्या’ समुद्राचा ‘दर्या’ होतात. चिन्हसंख्या एकाने घटलेली असते, पण ‘दर्या’ हाही खरा शब्द असल्याने शुद्धलेखन तपासनीस काहीच हरकत घेत नाही.