सातच्या जिमची कॉफी रात्री अकराला कुठे असते?

आमच्या जिमच्या संध्याकाळी सातच्या बॅचला निम्मी पोरं पार्किंगमध्येच कॅफीनच्या पावडरचा शेकर हलवत असतात आणि दोन मिनिटांत थेट बेंचवर. आता कॅफीन रक्तात नीट चढायला साधारण पाऊण ते एक तास लागतो, म्हणजे यांना किक बसते तेव्हा अर्धा वर्कआउट उरकलेला असतो. तासभर आधी, वजनाच्या दर किलोला 3 मिलीग्रॅम, असा डोस प्रयोगांत बऱ्याचदा वापरतात. 70 किलोच्या माणसाला 210.

खरं तर कॅफीन ताकद देतच नाही. दिवसभर जागं राहिलं की मेंदूत अ‍ॅडेनोसिन साठत जातं, ते रिसेप्टरवर बसलं की थकवा जाणवतो, आणि कॅफीन काय करतं तर एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकावा तशी ती सीट आधीच अडवून ठेवतं. अ‍ॅडेनोसिन कुठे जात नाही, उभं राहून वाट बघतं.

रोज रुमाल पडायला लागला की मेंदू जास्तीच्या सीटा बसवतो, निदान उंदरांमध्ये तरी तसं दिसलंय, आणि मग तोच स्कूप पुरत नाही. माणसांवर 2019 च्या एका प्रयोगात सलग 20 दिवस किलोमागे 3 मिलीग्रॅम दिलं, तर सायकलवरचा फायदा सुरुवातीला जास्त होता, पुढे कमी होत गेला. अगदी शून्य नाही झाला, पण पहिल्या दिवसाची मजा गेली ती गेलीच.

आता आमच्या सात वाजताच्या गड्याचं गणित बघा. सहाला 200 मिलीग्रॅम घेतलं. कॅफीन अर्धं व्हायला सरासरी 5 तास लागतात (गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या बायकांना जवळपास दुप्पट), म्हणजे अकराला अंगात 100 उरलं, साधारण एक कप कॉफी पिऊन पलंगावर आडवं व्हावं तेवढं, आणि पहाटे चारलाही 50.

तो म्हणणार, मला तर मस्त झोप लागते! इथेच तर फसगत आहे. 2013 च्या एका प्रयोगात झोपायच्या 6 तास आधी 400 मिलीग्रॅम दिलं, मशीनवर मोजली तर झोप तासाभरापेक्षा जास्त कमी भरली, पण त्या लोकांना स्वतःला तेवढं काही जाणवलं नव्हतं. शिवाय कॅफीनमुळे गाढ झोपही घटते. मग दुसऱ्या दिवशी अंग जड, म्हणून दीड स्कूप, म्हणून झोप अजून खराब.

आपण यात अडकलोय का हे बघायचं असेल तर रविवारी, जिम बंद असते तेव्हा बघा. कॅफीन सुटल्यावर 12 ते 24 तासांत डोकं धरायला लागतं. मी स्वतः एकदम बंद केलं तर दोन दिवस घरात कोणाशी धड बोललो नव्हतो, म्हणून दर चार दिवसांनी थोडं थोडं कमी केलं, आता फक्त शनिवारी सकाळी, लेग डेला घेतो, आणि तेव्हा तीच जुनी किक निम्म्या स्कूपमध्ये बसते.