आधी रंग, मग डीपीआय : स्कॅनिंगच्या दोन पर्यायांची पार्श्वभूमी

स्कॅनरच्या खिडकीत डीपीआय, म्हणजे इंचाला किती ठिपके, आणि रंगपद्धत, म्हणजे काळं-पांढरं, ग्रे की रंगीत, हे पर्याय शेजारी शेजारी दिसतात, म्हणून ते स्वतंत्र वाटतात. बहुतेक सल्ले डीपीआयपासून सुरू होतात आणि तिथेच संपतात : ३०० ठेवा, काम होईल. खरं तर आधी रंगपद्धत ठरवायला हवी, कारण फाइल कोणत्या रीतीने कॉम्प्रेस होणार हे तिच्यावर अवलंबून असतं. ती ठरल्यावरच ३०० पुरेल की ६०० लागेल, या प्रश्नाला अर्थ येतो. हा उलटा क्रम कसा रूढ झाला, हे पाहायला फॅक्सच्या काळात जावं लागतं.

१९८०मध्ये आलेल्या फॅक्सच्या ग्रुप ३ मानकात इंचाला आडवे सुमारे २०४ ठिपके आणि उभ्या दिशेने ९८ ओळी असत. 'फाइन' निवडलं की ओळी १९६ होत. ठिपका काळा किंवा पांढरा, मधलं काही नाही. पान टेलिफोनच्या लाइनवरून जायचं असल्यामुळे प्रत्येक ठिपका पाठवणं परवडत नव्हतं. त्याऐवजी ओळीत सलग किती पांढरे, मग सलग किती काळे, एवढंच मोजून पाठवलं जाई. १९८४च्या ग्रुप ४ने आणखी एक पायरी गाठली : आधीच्या ओळीच्या तुलनेत काळ्या-पांढऱ्याची सीमा कुठे सरकली, तेवढंच लिहायचं. आजही अशा निव्वळ काळ्या-पांढऱ्या, म्हणजे एक-बिट पानाच्या पीडीएफमध्ये बऱ्याचदा हीच पद्धत असते, आणि तिच्यात माहितीचा एक कणही गमावला जात नाही.

ए-४ पान ३०० डीपीआयला २४८० बाय ३५०८ पिक्सेलचं होतं, म्हणजे सुमारे ८७ लाख पिक्सेल. कॉम्प्रेस न करता ते एक-बिटमध्ये साधारण १.१ एमबी, ग्रेस्केलमध्ये ८.७ एमबी आणि रंगीत २६ एमबी भरतं. ग्रुप ४ने आवळल्यावर स्वच्छ छापील मजकुराचं एक-बिट पान बहुधा शंभर केबीच्या आत येतं. ग्रे किंवा रंगीत पानाला जेपेग लावावं लागतं, आणि अक्षरं नीट ठेवायची तर ते पान त्याच्या कित्येक पट राहतं.

इथे एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. ३००चे ६०० डीपीआय केले की पिक्सेल चौपट होतात, म्हणून फाइलही चौपट होईल असं वाटतं. पण ग्रुप ४ पिक्सेल लिहीतच नाही, कडा लिहितो. ओळी दुप्पट झाल्या तरी प्रत्येक ओळीतल्या सीमा जवळपास तेवढ्याच राहतात, त्यामुळे स्वच्छ पानाची फाइल ढोबळमानाने दुपटीच्या आसपास थांबते. १९९०च्या दशकात जीर्ण पुस्तकं वाचवायला निघालेल्या मोठ्या ग्रंथालयांनी ६०० डीपीआय एक-बिट निवडलं, त्यामागे हाच हिशेब होता. एक-बिटमध्ये अक्षराच्या कडेवरची राखाडी छटा जाते आणि कड पायऱ्यापायऱ्यांची दिसते. ही उणीव बारीक जाळीने भरून काढायची. ग्रेस्केलमध्ये कडेची माहिती छटेतच असते, म्हणून तिथे बहुतेक छपाईला ३०० पुरतं. थोडक्यात, ३०० ग्रे आणि ६०० एक-बिट हे एकाच प्रतीचे दोन पर्याय आहेत. '३०० एक-बिट' ही त्याखालची तडजोड आहे, आणि कार्यालयातल्या साध्या कागदांना ती बहुधा चालते.

३०० हा आकडा रुळला, त्यात १९८४च्या सुमारास आलेल्या ३०० डीपीआयच्या लेझर प्रिंटरांचाही वाटा आहे. पुढे अक्षरओळखीच्या सॉफ्टवेअरनेही तोच आकडा धरला. दहा पॉइंटची ओळ ३०० डीपीआयला सुमारे ४२ पिक्सेल उंच होते, २००ला २८, आणि १००ला जेमतेम १४. देवनागरीत हे लवकर जाणवतं. अर्धा मिलीमीटरचा अनुस्वार ३००ला सहा पिक्सेल रुंद येतो, १००ला दोन. दोन पिक्सेलचा ठिपका आणि कागदावरचा धुळीचा कण यांत यंत्राला फरक करता येत नाही. 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' यांतली बारीक फट बुजायलाही एवढंच पुरतं.

१९९२मध्ये जेपेगचं मानक आलं आणि चित्र पालटलं. जेपेग छायाचित्रांसाठी घडवलेलं. ते चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे चौकोन पाडतं आणि त्यातले बारीक चढउतार टाकून देतं. आकाशाला हे चालतं, पण अक्षराची कड म्हणजेच सर्वांत तीव्र चढउतार. त्यामुळे जोरात कॉम्प्रेस केलेल्या पानावर अक्षरांभोवती धुरकट ठिपक्यांचं वलय दिसतं. रंगीत पद्धतीत रंगाची माहिती बहुतेक वेळा निम्म्या रेझोल्यूशनने साठवली जाते, म्हणून लाल शाईची रेघ काळ्या रेघेपेक्षा जास्त फिसकटते. तरीही रंगीत स्कॅनर स्वस्त झाल्यावर उत्पादकांनी 'रंगीत, ३००, जेपेग' हीच सुरुवातीची मांडणी करून टाकली. माझ्या मते आजच्या फुगलेल्या पीडीएफचं मूळ यातच आहे : काळ्या छपाईच्या पानासाठी तीन रंगवाहिन्या भरल्या जातात, आणि त्यात कागदाची पिवळट छटा व पाठच्या पानाचा उमटलेला मजकूर जपून ठेवला जातो.

यावर दोन गट पडले, आणि तो वाद अजून मिटलेला नाही. एक गट म्हणतो, मजकूर असेल तर एक-बिट, बाकी सगळा डामडौल. दुसरा म्हणतो, एकदा छटा फेकली की ती परत येत नाही, म्हणून नेहमी किमान ग्रे. दोघांचंही अर्धंच खरं आहे, हे एका पानावर दाखवता येतं.

टंकलेखित पत्र घ्या. खाली निळ्या पेनाची सही आणि तिच्यावर अर्धवट चढलेला जांभळा गोल शिक्का. मजकूर गडद काळा आहे. एक-बिट करताना यंत्र एक उंबरठा धरतं : त्यापेक्षा गडद ते काळं, फिकट ते पांढरं. उंबरठा मजकुराला जुळेल असा ठेवला की फिकट शिक्का तुटक होतो आणि सहीच्या बारीक रेघा मधेच गायब होतात. शिक्का वाचावा म्हणून उंबरठा सरकवला की कागदाचे डाग काळे होऊन बसतात, आणि सही व शिक्का जिथे एकमेकांवर आहेत तिथे एकसंध काळा गोळा उरतो. उंबरठा पानभर एकच न ठेवता जागोजागी बदलणाऱ्या पद्धतींनी डाग आवरतात, पण सही आणि शिक्का वेगळे करणं त्यांच्याही हातात नाही, कारण तो फरक रंगाचा होता. हे पान रंगीतच हवं. बाराशेचं एक-बिटही इथे उपयोगाचं नाही.

आता त्याच पत्राची जोडपत्रं पाहा, नुसत्या काळ्या मजकुराची. ती रंगीत करण्यात कसलाच लाभ नाही. ३०० किंवा ६०० एक-बिट पुरे. पेन्सिलीची टिपणं, फिकी कार्बन प्रत किंवा छापील छायाचित्र असेल तर ग्रे. छायाचित्राबाबत एक उलटाच प्रकार घडतो. ते एक-बिट केलं की ठिपक्यांची रांगोळी होते, सलग पट्टे उरत नाहीत, आणि ग्रुप ४ची फाइल लहान होण्याऐवजी फुगते. डागाळलेल्या कागदाचंही तेच. एक-बिट पान अनपेक्षित मोठं निघालं तर आधी पार्श्वभूमीवर काळ्या ठिपक्यांची बुरशी आली आहे का ते पाहावं.

हा वाद सोडवायचा म्हणून १९९०च्या दशकाच्या अखेरीस पानाचे थर करण्याची कल्पना पुढे आली. अक्षरांचा आकार एक-बिट थरात ३०० डीपीआयने, तर कागदाची छटा आणि चित्रं खालच्या थरात १००च्या आसपास. सॉफ्टवेअरमध्ये 'कॉम्पॅक्ट पीडीएफ' किंवा तत्सम नावाने जे मिळतं ते याच घराण्यातलं. फाइल लहान होते. मात्र फिकट सही चुकून खालच्या थरात गेली की ती धूसर होते.

२०००मध्ये आलेल्या जेबिग-२ या मानकाने एक-बिट पान आणखी लहान केलं. एकसारखी दिसणारी अक्षरं शोधायची, त्यांतलं एकच साठवायचं आणि सगळीकडे तेच ठेवायचं. 'एकसारखी' हे ठरवताना सैलपणा ठेवला की घोटाळा होतो, आणि २०१३मध्ये तो उघडकीला आला. एका बड्या उत्पादकाच्या कॉपियर-स्कॅनरमधून इमारतीचा नकाशा काढल्यावर खोल्यांची क्षेत्रफळं बदलली : मूळ नकाशात २१.११ असलेली खोली स्कॅनमध्ये १४.१३ झाली, कारण दुसऱ्या खोलीचा आकड्यांचा ठसाच तिथे उमटला होता. इतर कागदांवर ६चा ८ झालेला आढळला. धूसर आकडा दिसला तर वाचणारा थबकतो. इथे आकडा सुबक आणि चुकीचा होता. उत्पादकाने आधी 'दर्जाची वरची पायरी वापरा' असं सांगितलं, पुढे वरच्या पायऱ्यांवरही तसंच घडत असल्याचं निघालं आणि यंत्रांना दुरुस्ती द्यावी लागली. जेबिग-२ची अक्षरांची अदलाबदल न करणारी, अचूक पद्धतही आहे. दोष सैल पद्धतीचा. पण हिशेबाच्या कागदांना मी तरी ग्रुप ४च वापरतो. थोड्या केबी वाचवायला आकडे पणाला लावण्यात अर्थ नाही.

मोबाइलवरच्या स्कॅनिंगने नवाच गोंधळ घातला. तिथे डीपीआय निवडायला काही नसतं. चार हजार बाय तीन हजार पिक्सेलच्या छायाचित्रात ए-४ पान काठोकाठ बसवलं तर इंचाला जेमतेम साडेतीनशे पिक्सेल मिळतात, कागद फ्रेमच्या निम्म्या उंचीत आला तर त्याच्या निम्मे. 'काळा-पांढरा' नावाचं बटण तर अनेकदा एक-बिट नसतंच. ते ग्रे चित्राचा कॉन्ट्रास्ट वाढवून पुन्हा जेपेग करतं; पान दिसतं फॅक्ससारखं, फाइल राहते छायाचित्राएवढी.

आत नेमकं काय साठवलं आहे, हे संगणकावर पॉपलर या मोफत संचातल्या एका आदेशाने कळतं :

```
pdfimages -list patra.pdf
```

`bpc` खाली १ आणि `enc` खाली `ccitt` दिसलं तर ते ग्रुप ४च्या घराण्यातलं खरं एक-बिट पान. `jbig2` असेल तर पद्धत अचूक की सैल, हे या यादीवरून समजत नाही. मूळ कागदाशी आकडे ताडून पाहावे लागतात. काळ्या मजकुराच्या पानासमोर `rgb`, ८ आणि `jpeg` असेल तर स्कॅनर सुरुवातीच्या मांडणीवरच चालला होता. `x-ppi`मध्ये पानाच्या मापावरून निघालेली घनता असते. तिथे १५०च्या खाली आकडा असेल आणि मजकूर बारीक असेल, तर कॉम्प्रेशन बदलून उपयोग नाही, कागद पुन्हा काचेवर ठेवावा लागेल.