सगळी वटवाघळं सस्तन, मग सगळे सस्तन वटवाघळं का नाहीत?

'सर्व वटवाघळं सस्तन प्राणी आहेत' हे वाक्य खरं आहे. त्यातल्या दोन पदांची अदलाबदल केली की 'सर्व सस्तन प्राणी वटवाघळं आहेत' असं होतं आणि वाचून हसू येतं. हसू येतं ते गाय, हत्ती आणि माणूस आपल्या ओळखीचे आहेत म्हणून. पदं अनोळखी असली की हीच उलटापालट आपल्या डोळ्यांदेखत होते आणि कळतही नाही. 'सर्व अमुक तमुक असतात' एवढं कानावर पडलेलं असतं. पुढे कुठे तमुक दिसलं की आपण त्याला अमुक ठरवून मोकळे होतो.

एका विधानातून, दुसऱ्या कुठल्याही माहितीचा आधार न घेता, नवं विधान काढायच्या अशा क्रियांचा हिशेब तर्कशास्त्रात ॲरिस्टॉटलपासून चालत आलेला आहे. त्यासाठी विधानांचे चार साचे मानतात. 'सर्व क हे ख आहेत' हे ए-विधान, 'कोणताही क हा ख नाही' हे ई-विधान, 'काही क हे ख आहेत' हे आय-विधान आणि 'काही क हे ख नाहीत' हे ओ-विधान. तर्कशास्त्रात 'काही' म्हणजे निदान एक. सगळे असले तरी 'काही' खोटं ठरत नाही.

या विधानांवर करायच्या क्रिया तीन. परिवर्तनात दोन पदं नुसती जागा बदलतात. प्रतिवर्तनात पदं जागच्या जागी राहतात, पण होकाराचा नकार (किंवा नकाराचा होकार) होतो आणि दुसऱ्या पदाच्या जागी त्याचा अभाव येतो, म्हणजे 'ख' च्या जागी 'ख नसलेले'. तिसरीला प्रतिपरिवर्तन म्हणू. तिच्यात दोन्ही पदं जागाही बदलतात आणि दोघांच्या जागी त्यांचे अभावही येतात. चार विधानं, तीन क्रिया, म्हणजे बारा घरांचा तक्ता. परीक्षेसाठी मी तो पाठ केला होता आणि परीक्षा संपताच विसरलो. पाठ करायची गरजच नव्हती हे फार उशिरा कळलं, कारण या तक्त्यात खरी अडचण एकाच क्रियेची आहे.

प्रतिवर्तनापासून सुरुवात करू, कारण ते चारही विधानांना बिनतक्रार चालतं. 'सर्व वटवाघळं सस्तन आहेत' आणि 'कोणतंही वटवाघूळ सस्तनेतर नाही' ही एकच गोष्ट दोन तऱ्हांनी सांगितलेली आहे. 'काही पक्षी उडणारे नाहीत' याचं 'काही पक्षी न उडणारे आहेत' होतं. दोनदा नकार केल्यावर मूळ जागी परत यावं तसा हा प्रकार, त्यामुळे यात हरवण्यासारखं काही नसतं. सांभाळायचं एवढंच की अभावाच्या जागी विरुद्धार्थी शब्द घुसू द्यायचा नाही. 'या भांड्यातलं कोणतंही पाणी गरम नाही' यावरून सगळं पाणी 'गरम नसलेलं' आहे एवढंच निघतं, 'थंड' आहे असं नाही. कोमट पाणी मध्ये कुठेतरी असतंच. शब्दाच्या मागे 'अ' लावून काम भागेल असंही मराठीत समजू नये. 'अमूल्य' वस्तू ही मूल्य नसलेली वस्तू नव्हे, हे सांगायला तर्कशास्त्र लागत नाही. म्हणून सरळ 'नसलेला' म्हणावं किंवा '-इतर' लावावं.

मराठीचा आणखी एक चकवा इथेच सांगून टाकतो. 'सगळे पक्षी उडत नाहीत' हे वाक्य कोणतं विधान आहे? बोलणाऱ्याच्या मनात बहुधा 'काही उडत नाहीत' हे असतं, म्हणजे ओ. पण शब्दशः घेतलं तर 'एकही उडत नाही' असाही अर्थ लागतो, म्हणजे ई. दोन्हींचं पुढचं नशीब अगदी वेगळं आहे, तेव्हा वाक्य साच्यात बसवून घेतल्याशिवाय त्याला हातच लावू नये.

आता परिवर्तन. 'कोणतंही वटवाघूळ पक्षी नाही' हे ई-विधान उलटं करा: 'कोणताही पक्षी वटवाघूळ नाही.' बरोबर. दोन गटांत एकही सामाईक सभासद नाही, हे कुठल्याही बाजूने पाहिलं तरी तेच. आय-विधानाचंही तसंच. काही सस्तन प्राणी उडणारे असतील तर काही उडणारे प्राणी सस्तन असणारच. जे वटवाघूळ पहिल्या वाक्याचा पुरावा तेच दुसऱ्याचा.

ए-विधान इथे अडतं. 'सर्व वटवाघळं सस्तन आहेत' हे वाक्य प्रत्येक वटवाघळाबद्दल बोलतं, पण प्रत्येक सस्तन प्राण्याबद्दल अवाक्षर काढत नाही. उलट्या वाक्याला मात्र प्रत्येक सस्तन प्राण्याबद्दल बोलायचं असतं. ती माहिती आणायची कुठून? जे पद संपूर्ण गटाबद्दल बोलतं त्याला तर्कशास्त्रात व्याप्त म्हणतात, आणि नियम असा की मुळात व्याप्त नसलेलं पद निष्कर्षात व्याप्त होता कामा नये. म्हणून ए-विधान उलटवायचं तर आवाज खाली आणावा लागतो: 'काही सस्तन प्राणी वटवाघळं आहेत.' हे मर्यादित परिवर्तन. ओ-विधानाला तेवढीही सवलत नाही. 'काही सस्तन प्राणी वटवाघळं नाहीत' हे खरं, 'काही वटवाघळं सस्तन नाहीत' हे खोटं. कधीकधी ओ-विधानाचं उलटंही खरं निघतं, उदाहरणार्थ काही पक्षी उडणारे नाहीत आणि काही उडणारे प्राणी पक्षी नाहीत. पण ते दुसरं वाक्य वटवाघळांमुळे आणि कीटकांमुळे खरं आहे, पहिल्या वाक्यामुळे नाही.

एवढं हातात असलं की प्रतिपरिवर्तन वेगळं शिकायचं राहतच नाही. ती स्वतंत्र क्रिया नव्हेच: आधी प्रतिवर्तन, मग परिवर्तन, मग पुन्हा प्रतिवर्तन. पहिली आणि तिसरी पायरी कुणालाही पार करता येते, परीक्षा होते ती मधल्या पायरीवर. आणि मधल्या पायरीवर विधान मूळ रूपात नसतं, प्रतिवर्तनाने त्याचा साचा बदललेला असतो.

'4 ने नि:शेष भाग जाणाऱ्या सर्व संख्या सम असतात' हे ए-विधान घ्या. प्रतिवर्तन केलं की होतं '4 ने भाग जाणारी कोणतीही संख्या विषम नसते' (पूर्ण संख्यांत सम नसलेली ती विषमच, म्हणून हा शब्द इथे चालतो). आता हे ई-विधान झालं, आणि ई बेलाशक उलटतं: 'कोणतीही विषम संख्या 4 ने भाग जाणारी नसते.' पुन्हा प्रतिवर्तन: 'सर्व विषम संख्या 4 ने भाग न जाणाऱ्या असतात.' म्हणून 7319 दिसली की भागाकार करायची गरज नाही. शेवटचा 9 पाहून निकाल देता येतो. 7318 पाहून मात्र निकाल देता येत नाही. ती सम आहे, पण समवरून 4 कडे जाणं म्हणजे ए-विधानाचं सरसकट परिवर्तन, जे चालत नाही. (भागून पाहिलं तर बाकी 2 उरते.)

ओ-विधान पहिल्या पायरीवर आय होतं, आणि आय उलटतं. म्हणून परिवर्तनाला न जुमानणारं ओ-विधान प्रतिपरिवर्तनात उत्तीर्ण होतं. 'काही पक्षी उडणारे नाहीत' यावरून 'काही न उडणारे प्राणी पक्षी आहेत' येतं. पेंग्विन दोन्हीकडे साक्षीला. शेवटचं प्रतिवर्तन करून हे 'काही न उडणारे प्राणी पक्षी नसलेले नाहीत' असं लिहायचं असतं. असलं मराठी कुणी बोलत नाही, पण अर्थ तोच.

उरलेल्या दोघांचं उलट होतं. आय-विधान पहिल्याच पायरीवर ओ होतं आणि तिथेच रस्ता बंद. खात्री करायची तर हे पाहा: '10 पेक्षा लहान असलेल्या काही संख्या 5 पेक्षा मोठ्या आहेत.' खरं आहे, 7 आहेच. याचं प्रतिपरिवर्तन '5 पेक्षा मोठ्या नसलेल्या काही संख्या 10 पेक्षा लहान नाहीत' असं होईल, आणि अशी संख्या शोधत बसायला आयुष्य पुरणार नाही. ई-विधान पहिल्या पायरीवर ए होतं आणि त्याला मर्यादित परिवर्तनावर समाधान मानावं लागतं: 'काही पक्षी नसलेल्या गोष्टी वटवाघळं आहेत.' मर्यादा विसरून पूर्ण प्रतिपरिवर्तन केलं, तर 'पक्षी नसलेली कोणतीही गोष्ट वटवाघूळ नसलेली नाही' हे हाती येतं. नकार सोडवून वाचा: जे जे पक्षी नाही ते ते वटवाघूळ. म्हणजे दगडही वटवाघूळ आणि चंद्रही.

इथवर सगळं ठीक दिसतं. पण मर्यादित परिवर्तनात एक भेग आहे, आणि ती दाखवायला तीनच पायऱ्या पुरतात. 'कोणताही सस्तन प्राणी प्रकाशापेक्षा वेगाने धावत नाही' हे निःसंशय खरं. परिवर्तन करू: 'प्रकाशापेक्षा वेगाने धावणारी कोणतीही गोष्ट सस्तन नाही.' ठीक. प्रतिवर्तन करू: 'प्रकाशापेक्षा वेगाने धावणाऱ्या सर्व गोष्टी सस्तनेतर आहेत.' तेही ठीक. आता मर्यादित परिवर्तन: 'काही सस्तनेतर गोष्टी प्रकाशापेक्षा वेगाने धावतात.' सेकंदाला सुमारे 3 लाख किलोमीटर ही मर्यादा ओलांडणाऱ्या वस्तूचा शोध लागला, तोही प्रयोगशाळेत पाऊल न टाकता!

चूक शेवटच्या पायरीवर आहे. 'सर्व' असं म्हणताना तशी एक तरी गोष्ट जगात आहे, असं आपण सांगत असतो का? जुनं तर्कशास्त्र कोणतंही पद रिकामं नाही असं गृहीत धरून चालायचं. वटवाघळं आहेत, सस्तन प्राणी आहेत, म्हणून तिथे गाडी अडली नाही. प्रकाशापेक्षा वेगवान वस्तूंचा गट मात्र रिकामा आहे. रिकाम्या गटाबद्दल 'सर्व' म्हणणं खपून जातं, कारण ते खोटं पाडायला उदाहरणच सापडत नाही. 'काही' म्हटलं की मात्र उदाहरण दाखवावं लागतं. 19 व्या शतकात जॉर्ज बूल आणि जॉन व्हेन यांच्या कामातून जे नवं तर्कशास्त्र उभं राहिलं, त्यात 'सर्व' वरून अस्तित्वाचा दावा काढून घेतला गेला आणि तो फक्त 'काही' कडे राहिला. त्या हिशेबात ए-विधानाचं मर्यादित परिवर्तन बाद होतं आणि त्याच्यावर उभं असलेलं ई-विधानाचं मर्यादित प्रतिपरिवर्तनही. बाकी सगळं जसंच्या तसं टिकतं. जुन्या पुस्तकात बरोबर आणि नव्या पुस्तकात चूक असं एखादं उत्तर सापडलं, तर आधी हीच दोन घरं तपासावीत.