तान्ह्या बाळाची कातडी सोलते तेव्हा

नवजात बाळाची त्वचा पहिल्या काही दिवसांत थोडी कोरडी पडते आणि घोट्याजवळ, मनगटाजवळ तिचे पापुद्रे निघतात. ते नेहमीचंच आहे आणि बाळाला त्याचा त्रास नसतो. या लेखात ज्या आजाराबद्दल लिहिलं आहे त्यात कातडी सोलण्याआधी ती लाल होते आणि दुखते. बाळाला उचललं की ते किंचाळतं, खाली ठेवलं की थोडं शांत होतं. आईबाबांनी हा फरक ओळखला, तर निम्मं काम झालं. आजाराचं नाव लांबलचक आहे: स्टॅफिलोकोकल स्कॅल्डेड स्किन सिंड्रोम. उकळतं पाणी सांडून कातडी भाजावी तशी ती दिसते, म्हणून हे नाव पडलं. 1878 मध्ये प्रागमधल्या अनाथ अर्भकांच्या संस्थेतले डॉक्टर गॉटफ्रीड रिटर फॉन रिटर्सहाइन यांनी अशा 297 बाळांचं वर्णन केलं. मात्र यामागे स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जिवाणू आणि त्याचं विष आहे, हे उलगडायला पुढे बरीच दशकं लागली.

बाळाचं अंग जिथे सोलतं, तिथे बहुतेक वेळा जिवाणू नसतोच. तो बसलेला असतो दुसरीकडे: बेंबीच्या ओल्या खोबणीत, नाकात, चिकट झालेल्या डोळ्यात किंवा लंगोटाखालच्या एखाद्या बारीक फोडात. तिथे बसून तो एक विष तयार करतो, आणि ते विष रक्तावाटे सगळ्या अंगभर पोचतं. त्यामुळे अंगावरच्या फोडातलं पाणी तपासायला पाठवलं, तर त्यात जिवाणू सापडत नाही. नमुना घ्यायचा तो बेंबी, नाक, डोळे, घसा इथला.

हे विष म्हणजे एक प्रथिन कापणारं विकर आहे, आणि त्याचं लक्ष्य अगदी नेमकं आहे. त्वचेच्या पेशींना एकमेकींशी जोडून ठेवणारी काही प्रथिनं असतात. त्यातल्या डेस्मोग्लीन-1 या एकाच प्रथिनाला ते कापतं. त्वचेच्या खालच्या थरांत आणि तोंडाच्या आतल्या नाजूक अस्तरात डेस्मोग्लीन-3 नावाचं दुसरं प्रथिन असतं, ते तिथली जोडणी सांभाळून घेतं. अगदी वरच्या थरात मात्र हा आधार नसतो, त्यामुळे तेवढाच थर सुटतो. ओठांभोवती खपल्या आणि भेगा पडतात, पण तोंडाच्या आत जखमा नसतात, याचं कारण हेच. औषधांच्या रिअॅक्शनमुळे त्वचा सोलण्याचा जो गंभीर आजार होतो, त्यात तोंड आणि डोळ्यांचं अस्तरही सोलतं. म्हणून डॉक्टर बाळाचं तोंड आवर्जून उघडून पाहतात.

मोठी माणसं यातून सहसा सुटतात, कारण त्यांच्या रक्तात या विषाविरुद्ध प्रतिपिंडं असतात आणि मूत्रपिंडं विष बाहेर टाकतात. तान्ह्या बाळात दोन्ही गोष्टी कच्च्या असतात. मूत्रपिंडं निकामी झालेल्या प्रौढांना हा आजार होऊ शकतो, आणि त्यांच्यात तो बाळांपेक्षा कितीतरी जास्त जीवघेणा असतो.

एक उदाहरण घेऊ. समजा, बाळ 10 दिवसांचं आहे, वजन 3.2 किलो. बेंबीभोवती लाली आहे आणि थोडा पिवळसर पू आहे. संध्याकाळी ते चिडचिड करतं, दूध अर्धवट सोडतं. दुसऱ्या दिवशी सकाळी चेहरा, मान, काखा आणि जांघा लाल झालेल्या असतात. सावळ्या त्वचेवर ही लाली नीट दिसत नाही. तिथे हात लावल्यावर बाळ कळवळतं का, हीच खूण जास्त भरवशाची. दुपारपर्यंत काखेत आणि मानेच्या घड्यांत कातडी ओल्या टिश्यू पेपरसारखी सुरकुतते. मग सैल, पातळ भिंतीचे फोड येतात आणि कपडा घासला तरी फुटतात. लालीपासून सोलण्यापर्यंतचा हा प्रवास बहुधा 24 ते 48 तासांत होतो. फोड आलेले नसले तरी बोटाने अलगद घासल्यावर कातडीचा पापुद्रा सरकतो. ही तपासणी डॉक्टरांची आहे, घरी करून पाहायची नाही, कारण घासलेली प्रत्येक जागा म्हणजे नवी उघडी जखम.

एवढा वरवरचा थर निघतो, तर धावपळ कशासाठी? कारण हाच थर अंगातलं पाणी आणि ऊब धरून ठेवतो. बाळाचा पृष्ठभाग वजनाच्या मानाने प्रौढाच्या दुपटीहून अधिक असतो, त्यामुळे उघड्या त्वचेतून पाणी झपाट्याने जातं. आपल्या उदाहरणातल्या बाळाला दिवसाला साधारण 480 मिलिलिटर दूध लागतं. दुखण्यामुळे ते निम्मंच प्यायलं आणि वरून त्वचेतूनही पाणी गेलं, तर 160 ग्रॅम, म्हणजे वजनाच्या 5 टक्के, घट व्हायला फार वेळ लागत नाही. अंग गार पडू शकतं, आणि उघड्या जागेतून दुसरे जंतू शिरून रक्तात जंतुसंसर्ग होऊ शकतो. म्हणून लाल, दुखरी, सुरकुतलेली कातडी दिसली, की सकाळची वाट न बघता थेट रुग्णालयात जायचं. ताप 38 अंश सेल्सिअस किंवा जास्त असेल, अंग गार लागत असेल, बाळ सुस्त असेल किंवा 6 ते 8 तासांत लंगोट ओला झाला नसेल, तर एक क्षणही दवडायचा नाही. ताप नाही म्हणून थांबायचं मात्र नाही. इतक्या लहान बाळाला ताप न येताही गंभीर संसर्ग असू शकतो.

निघताना बाळाला स्वच्छ, मऊ सुती चादरीत सैलसर गुंडाळावं. काखेत हात घालून उचलू नये. पाठीखाली आणि कुल्ल्यांखाली हात देऊन उचलावं. चिकटलेला कपडा ओढू नये, फोड फोडू नयेत, अंगाला तेल, पावडर किंवा लेप लावू नये. बाळ पीत असेल तर अंगावरचं दूध चालू ठेवावं. घरात पडून असलेलं स्टेरॉइडचं मलम तर अजिबात नको, त्याने संसर्ग आणखी फोफावू शकतो.

रुग्णालयात शिरेतून प्रतिजैविक सुरू होतं: फ्लुक्लॉक्सॅसिलिन किंवा त्याच जातीचं औषध, आणि त्या औषधांना दाद न देणाऱ्या जिवाणूची शंका असल्यास व्हँकोमायसिन. सोबत सलाईन, वजन आणि लघवीवर नजर, ऊबदार खोली, वेदनाशामक म्हणून बहुधा पॅरासिटामॉल. आयबुप्रोफेनच्या जातीची औषधं शक्यतो टाळतात, कारण विष बाहेर टाकायचं काम मूत्रपिंडांचं आहे आणि त्यांनाच ही औषधं त्रास देऊ शकतात. सोललेल्या जागी साधं पेट्रोलियम जेली आणि न चिकटणारी पट्टी. चिकटपट्टी थेट त्वचेवर लावली, तर काढताना कातडीही येते, म्हणून सुईसुद्धा मऊ पट्टीने गुंडाळून बसवतात.

औषध सुरू झाल्यावरही एक-दोन दिवस कातडी सोलत राहते, तेव्हा घरचे हमखास घाबरतात. प्रतिजैविक जिवाणू मारतं. रक्तात आधीच पोचलेलं विष त्याने निष्प्रभ होत नाही, ते शरीराबाहेर जायला वेळ लागतो. मात्र लाली नव्या जागी पसरतच राहिली किंवा बाळ जास्त सुस्त झालं, तर औषध लागू पडतंय का हे पुन्हा तपासावं लागतं. वेळेवर उपचार झाले तर बहुतेक बाळं पूर्ण बरी होतात. जखम उथळ असल्यामुळे 1 ते 2 आठवड्यांत त्वचा भरून येते आणि सहसा व्रण राहत नाही.

बाळापर्यंत हा जिवाणू बहुतेक वेळा माणसांच्या हातांवरून येतो. कितीतरी निरोगी माणसांच्या नाकात तो काहीही त्रास न देता राहतो. म्हणून बाळाला घेण्याआधी हात साबणाने धुवावेत, बेंबी कोरडी ठेवावी, आणि ज्याच्या बोटावर पू धरलेली जखम आहे त्याने ती बरी होईपर्यंत बाळाला हाताळू नये. नवजात कक्षात एकापाठोपाठ दोन बाळांना हा आजार झाला, तर तिथले डॉक्टर कर्मचाऱ्यांच्या नाकातले नमुने घेऊन तपासतात.