शोकात्म कादंबरीतील विनोद

शोकात्म कादंबरीत मध्येच येणारा हास्यप्रसंग, पात्र किंवा संवाद. असा प्रसंग वाचकाला क्षणभर मोकळा श्वास घेऊ देण्यासाठी असतो, ही त्याची रूढ व्याख्या नाटकाच्या समीक्षेतून आली. ती अपुरी आहे हे टॉमस डी क्विन्सी या इंग्रज निबंधकाराने 1823 मध्येच ओळखले होते. ‘मॅकबेथ’मध्ये राजाच्या खुनानंतर दारावर थाप पडते आणि झिंगलेला द्वारपाल बडबडत येतो. रोजचे जग पुन्हा सुरू झाले की मधल्या काळात काय भयंकर घडले ते खऱ्या अर्थाने जाणवते, असे त्याचे म्हणणे होते. कादंबरीला याहून अधिक करता येते, कारण हसण्याची गोष्ट शेकडो पानांनंतर पुन्हा समोर आणण्याइतका अवकाश तिच्याकडे असतो.

याचे सर्वांत शिकण्याजोगे उदाहरण दस्तयेवस्कीच्या ‘क्राइम अँड पनिशमेंट’मध्ये (1866) आहे. बग्गीखाली सापडून मेलेल्या मार्मेलादोव्ह या दारुड्या कारकुनाच्या दफनाच्या दिवशी त्याची विधवा कातेरिना इवानोव्हना लोकांना जेवायला बोलावते. घरात तीन लहान मुले उपाशी आहेत आणि तिला स्वतःला क्षय झाला आहे. कादंबरीचा नायक रास्कोल्निकोव्ह याने दिलेल्या वीसेक रुबलांपैकी जवळपास दहा ती या एका जेवणावर उडवते. ताटवाट्या शेजाऱ्यांकडून मागून आणलेल्या, एकीचा दुसरीशी मेळ नाही. प्रतिष्ठित पाहुणे फिरकतच नाहीत. येतात ते कळकट कोटातला कारकून, एक बहिरा म्हातारा आणि अंगात घालायला काही नसल्याने झोपण्याच्या झग्यातच आलेला एक इसम. त्याला बाहेर काढावे लागते.

मग कातेरिना आणि घरमालकीण अमालिया यांची जुंपते. आपले वडील बर्लिनचे फार मोठे गृहस्थ होते, ते खिशात हात घालून ‘पुफ, पुफ’ करत चालायचे, असे अमालिया मोडक्यातोडक्या रशियनमध्ये सांगते आणि करूनही दाखवते. लोक खो खो हसतात. त्याआधी कातेरिनाही पाहुण्यांची टिंगल करत हसत असते, पण तिच्या हसण्याचा खोकला होतो आणि रुमालावर रक्त येते. वाचकाचे हसू थांबत नाही. मात्र ज्या बाईमुळे तो हसतो आहे ती मरणाला टेकली आहे, हे त्याला त्याच क्षणी दिसत असते. हसू आणि कळवळा आळीपाळीने नव्हे, एकाच वाक्यातून येतात. दस्तयेवस्कीचे खरे कसब इथे आहे.

या जेवणात एक कागद हातोहात फिरतो. मुलींच्या शाळेने कातेरिनाला दिलेले ते प्रशस्तिपत्र. कादंबरीच्या सुरुवातीला गुत्त्यात बसून मार्मेलादोव्हने त्याचा उल्लेख केलेला असतो: शाळेच्या समारंभात गव्हर्नरसमोर ती शाल घेऊन नाचली होती, पदक मिळाले होते, पदक केव्हाच विकले गेले, कागद पेटीत राहिला. तिथे तो दारुड्याच्या बडबडीचा भाग असतो. जेवणात तो प्यालेल्या पाहुण्यांपुढे बडेजाव मिरवण्याचे साधन होतो, म्हणजे उघडच हास्यास्पद. त्याच दिवशी घरमालकीण कातेरिनाला मुलांसकट खोलीबाहेर काढते. कातेरिना मुलांना रस्त्यावर नाचवते, धाकटीच्या डोक्यावर मेलेल्या नवऱ्याची विणलेली टोपी आणि तिला शहामृगाचे मोडके पीस. घरंदाज मुले आहेत हे कळावे म्हणून ती त्यांना फ्रेंच गाणी म्हणायला लावते. पुढे ती कोसळते आणि मरते. तेव्हा उशीजवळ ते प्रशस्तिपत्र पडलेले रास्कोल्निकोव्हला दिसते. ते तिथे कसे आले, हे लेखक सांगत नाही.

तिसऱ्या वेळी कागदावर एक शब्दही भाष्य नाही, तरी आपण हलतो, कारण त्याला आधी आपण हसलो होतो. केवळ दया वाटली असती तर कातेरिना आपल्यासाठी ‘बिचारी विधवा’ राहिली असती. हसल्यामुळे तिचा हट्टी, भांडकुदळ, खोट्या मोठेपणाला चिकटलेला स्वभाव ओळखीचा झाला, आणि तुटते ते एक ओळखीचे माणूस.

म्हणून असा विनोद कसाला लागतो तो मागाहून. जेवणाचा प्रसंग वगळून कातेरिनाचा मृत्यू वाचून पाहावा. दुःख तेवढेच राहिले, तर विनोद नुसता विरंगुळा होता. इथे ते स्पष्टपणे कमी होते. विनोद पात्राच्या गरजेतून उगवला पाहिजे, हीही अट आहे. कातेरिनाचा मोठेपणा हास्यास्पद आहे, पण उपासमारीत तिच्याजवळ तेवढेच उरले आहे.

हीच अट दस्तयेवस्की स्वतः सर्वत्र पाळत नाही. त्याच पंगतीतले आगंतुक पोलिश पाहुणे केवळ परके म्हणून हास्यास्पद केले आहेत. अमालियाच्या चित्रणातही जर्मनांविषयीचा पूर्वग्रह आहे. या पात्रांना आतले आयुष्य दिलेले नाही, त्यामुळे त्यांच्यावरचे हसू पुढे कशातच रूपांतरित होत नाही, आणि आजच्या वाचकाला ते खटकते.