ध्वनिजाणिवेची उणीव (डिस्लेक्सिया)

डिस्लेक्सिया असलेल्या बहुसंख्य मुलांच्या वाचन-लेखनातील अडचणींच्या मुळाशी असणारी उणीव. बोललेला शब्द लहान लहान ध्वनींचा बनलेला असतो. ते ध्वनी सुटे करणे, क्रमाने ध्यानात ठेवणे आणि पुन्हा जोडणे या मुलांना जड जाते. त्यांना ऐकू नीट येते, बुद्धीही शाबूत असते, आणि घरात गप्पा मारताना कोणाला काही जाणवत नाही. अडचण उघडी पडते ती अक्षराला आवाज आणि आवाजाला अक्षर लावायची वेळ आल्यावर.

ही जाणीव बोलायला शिकताना आपोआप येत नाही. इझाबेल लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1974 मध्ये अमेरिकेतील लहान मुलांना शब्दातले भाग टेबलावर टकटक करून मोजायला सांगितले. ‘टा-ळी’सारखे मोठे तुकडे चार वर्षांच्या जवळपास निम्म्या मुलांना मोजता आले, पण एकेक सुटा ध्वनी त्यांतल्या एकालाही मोजता आला नाही. बोलताना ध्वनी एकमेकांत मिसळून येतात, म्हणून ते सुटे करायला शिकावे लागते.

देवनागरीत ही उणीव काही काळ झाकली जाते. आपले अक्षर हा बहुधा व्यंजन आणि स्वर मिळून झालेला तुकडा असतो आणि तो कानाला सहज सापडतो. ‘कमळ’मधला ‘क’ काढला तर काय उरते, याचे उत्तर अशी मुलेही देऊ शकतात. बाराखडी तर तालावर पाठ होते. पण ‘का, कि, की’ घडाघड म्हणणाऱ्या मुलाला नुसता ‘कु’ दाखवला की ते पुन्हा ‘क’पासून म्हणत तिथवर येते. ‘की’ म्हणजे ‘क्’ आणि ‘ई’ हे उमगल्याशिवाय मात्रा कळत नाहीत. जोडाक्षरात तर स्वर नसलेले व्यंजन पकडावे लागते. म्हणून मराठी शाळांत पहिलीत न दिसलेली अडचण मात्रा आणि जोडाक्षरे आल्यावर ठळक होते.

लेखनात ती कशी ओळखावी, हे नागपूरच्या उदाहरणाने पाहू. मराठी माध्यमात तिसरीत शिकणारी एक मुलगी कल्पून घेऊ. बाईंनी सहा शब्द सांगितले : घर, पाणी, धंतोली, अंबाझरी, फुटाळा, सीताबर्डी. तिने लिहिले : धर, पानी, दतोली, अबाजरी, पुटाला, सिताबडी. लाल पेनाच्या हिशेबाने सहाही चूक. पण या सहा चुका एका जातीच्या नाहीत, आणि सगळे निदान तिथेच आहे.

‘घर’चे ‘धर’ झाले ते डोळ्यामुळे किंवा हातामुळे. घ आणि ध दिसायला जवळचे आहेत, कानाला मात्र लांबचे. ‘पानी’ ही तर चूक म्हणणेच अवघड आहे. नागपुरात असंख्य घरांत ‘पानी’च म्हणतात, आसपासच्या खेड्यांत शाळेला ‘शाया’ म्हणतात, आणि ‘फुटाळा’चा ‘फुटाला’ व्हायला हिंदीचा शेजारही पुरतो. जसे बोलते तसे लिहिणाऱ्या मुलीचे ध्वनीचे काम बिनचूक चालले आहे, फक्त प्रमाण लेखन तिला अजून शिकायचे आहे. ‘सी’चा ‘सि’ हाही पुरावा नव्हे. मराठी बोलण्यात ऱ्हस्व-दीर्घाचा भेद फारसा उरलेला नाही, त्यामुळे तिथे शिकलेली मोठी माणसेही अडखळतात.

एवढे बाजूला काढल्यावर जे उरते ते बोलके आहे. धचा द, झचा ज, फचा प : प्रत्येक ठिकाणी महाप्राण गळाला, म्हणजे व्यंजनाबरोबर सुटणारा श्वास तिच्या पकडीतून निसटला. धंतोली आणि अंबाझरीत अनुस्वार गेला. तो एकच टिंब असला तरी पहिल्यात न्‌सारखा आणि दुसऱ्यात म्‌सारखा वाजतो, आणि पुढच्या व्यंजनात विरघळून जातो. सीताबर्डीतला रफार गेला, कारण तो ‘र्’ स्वराविना उभा आहे. थोडक्यात, जे ध्वनी क्षीण किंवा दाटीत आहेत तेच पडले.

बोलीचा प्रभाव आणि उणीव यांत फरक करायला एक साधी रीत आहे. लिहिण्याआधी मुलाला शब्द स्वतः मोठ्याने म्हणायला लावावा. ‘पानी’ म्हणून ‘पानी’ लिहिले तर ती बोली. ‘धंतोली’ स्वच्छ म्हणून ‘दतोली’ लिहिले तर ध्वनी तोंडात आहे, पण तो सुटा करून कागदावर आणता येत नाही. हा फरक न करता नुसत्या चुका मोजल्या तर वऱ्हाडी-नागपुरी बोलणाऱ्या मुलांवर अन्याय होतो. मला ही चूक सर्वांत गंभीर वाटते.

वाचनात खूण वेगळी असते. ओळखीचा शब्द मुले चेहरा ओळखावा तशी ओळखतात, किंवा पहिल्या अक्षरावरून अंदाज बांधतात : ‘शुक्रवारी’ लिहिले असेल तर ‘शनिवारी’ वाचून मोकळी होतात. म्हणून तपासणीत ‘ढिमखू’, ‘लुधेप’ असे निरर्थक शब्द वाचायला देतात. तिथे आठवण किंवा अंदाज कामी येत नाही, आवाज जोडूनच वाचावे लागते. मराठी लेखन बरेचसे उच्चारानुसार असल्याने वरच्या वर्गांत अचूकता सुधारते, पण वेग वाढत नाही. इंग्रजी माध्यमात चित्र आणखी गढूळ होते, कारण तिथे स्पेलिंग आणि उच्चार यांचे नातेच सैल आहे. त्यामुळे दोन्ही भाषा शिकणाऱ्या मुलाची तपासणी दोन्हींत व्हावी लागते. मानेसर येथील राष्ट्रीय मस्तिष्क संशोधन केंद्राने तयार केलेले ‘डाली’ हे चाचणीसाधन मराठीतही आहे.

निष्कर्ष काढण्यापूर्वी दोन गोष्टी पाहाव्या लागतात. पहिली, श्रवणाची तपासणी, कारण वारंवार कान फुटणाऱ्या मुलाचेही महाप्राण निसटू शकतात. दुसरी, मुलाला वाचन नीट शिकवले गेले आहे का. जोझे मोराईस आणि सहकाऱ्यांना 1979 मध्ये पोर्तुगालमध्ये आढळले की निरक्षर प्रौढांना शब्दातला एक ध्वनी गाळणे जवळपास जमत नाही, उशिरा साक्षर झालेल्यांना जमते. म्हणजे वाचनामुळेही ध्वनिजाणीव वाढते. शाळा बुडालेल्या मुलाची कमतरता म्हणूनच डिस्लेक्सिया ठरत नाही. तुलना समवयस्कांइतकीच, समान वाचनपातळीच्या लहान मुलांशीही करतात. शिवाय डिस्लेक्सियाच्या प्रत्येक मुलात ही उणीव नसते. काहींचे ध्वनी ठीक असतात, पण चित्रांची किंवा अंकांची नावे भराभर सांगणे त्यांना जमत नाही.

उपचारात नुसते ध्वनीचे खेळ अपुरे पडतात. ब्रॅडली आणि ब्रायंट यांनी 1983 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ऑक्सफर्डच्या अभ्यासात दोन वर्षांत मिळून 40 सत्रे घेतली होती. ध्वनी ओळखण्याबरोबर प्लॅस्टिकची अक्षरे हाताळणारी मुले सर्वांत पुढे गेली. मराठीत याचा अर्थ असा की ‘दार’ आणि ‘धार’ पाठोपाठ म्हणून, तळहात तोंडापुढे धरून श्वासाचा झोत जाणवू द्यायचा, आणि लगेच त्या दोन अक्षरांच्या पट्ट्या बदलून शब्द लावायला सांगायचा. अनुस्वाराला ‘धन्-तोली’ असे तोडून, रफाराला ‘बर्-डी’ असे थांबून शिकवता येते. एका वेळी एकच जोडी घ्यावी. ती सांगितलेल्या लेखनात टिकली की मगच पुढची.

अशा शिकवणीनंतर चुका कमी होतात, तरी मोठेपणी नवे आडनाव एकदा ऐकून लिहिणे किंवा फोन नंबर ऐकून लगेच परत म्हणणे अनेकांना कठीणच राहते.