बिअरने खडा पडतो म्हणे

मे महिन्यात अकोल्याला एका लग्नात होतो. मामेभावाच्या किडनीत सोनोग्राफीत ४ मिलिमीटरचा खडा दिसला होता, आणि मांडवातले सगळेच त्याचे डॉक्टर झाले होते. एका काकांनी निकाल दिला, "रोज रात्री एक थंड बिअर मार. आठ दिवसांत खडा भांड्यात टण्णकन वाजेल." पुरावाही तयार होता: बिअर प्यायली की लघवी पाण्यासारखी स्वच्छ होते, म्हणजे किडनी धुऊन निघते.

काकांचं निरीक्षण शंभर टक्के खरं आहे. निष्कर्ष मात्र चुकला, आणि तो का चुकला हे पाहण्यासाठी किडनीच्या आत थोडं उतरावं लागेल.

आपल्या दोन किडन्या दिवसाला साधारण १८० लिटर द्रव गाळतात. लघवी होते जेमतेम दीड-दोन लिटर. बाकीचं पाणी परत रक्तात घेतलं जातं. त्यातलं बहुतेक पाणी नलिकांच्या सुरुवातीच्या भागातच, कुणालाही न विचारता परत जातं. शेवटच्या टप्प्यात उरतं ते दिवसाला अठराएक लिटर. त्यातलं किती ठेवायचं आणि किती सोडायचं हे ठरतं मेंदूच्या हुकमावर. हुकूम घेऊन येणारं संप्रेरक म्हणजे व्हॅसोप्रेसिन.

इथून पुढचा भाग माझ्या फार आवडीचा आहे, तेव्हा थोडं सहन करा. शेवटच्या नलिकेला संग्राहक नलिका म्हणतात. ती किडनीच्या अशा भागातून खाली उतरते, जिथे आजूबाजूचा द्रव रक्ताच्या जवळपास चौपट खारट असतो. लोणच्यासाठी कैरीच्या फोडींना मीठ चोळलं की त्यांना पाणी सुटतं, तसंच नलिकेतलं पाणी बाहेर ओढलं जायला हवं. पण नलिकेची भिंत मेणकापडासारखी आहे, पाणी तिच्यातून जात नाही. भिंतीच्या पेशींच्या पोटात प्रथिनांचे सूक्ष्म नळ घडी करून ठेवलेले असतात. त्यांचं नाव अ‍ॅक्वापोरिन. व्हॅसोप्रेसिन येऊन चिकटलं की हे नळ पेशीच्या पृष्ठभागावर येतात आणि पाणी सरसर रक्तात परतू लागतं. व्हॅसोप्रेसिन गेलं की नळ पुन्हा आत.

असे नळ असतात हे १९९२ साली पीटर अ‍ॅग्री यांच्या प्रयोगशाळेने दाखवलं. त्यांनी बेडकाच्या अंड्यांना हे प्रथिन तयार करायला लावलं आणि ती अंडी पाण्यात टाकली. साधी अंडी तशीच राहिली, नळवाली फुगून फुटली! २००३ साली अ‍ॅग्रींना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

दारू काय करते? रक्तातलं अल्कोहोल चढत असताना मेंदू व्हॅसोप्रेसिन सोडणं कमी करतो. नळ आत जातात, पाणी रक्तात परतत नाही, थेट मूत्राशयात उतरतं. काकांची ती काचेसारखी लघवी म्हणजे धुऊन निघालेली किडनी नव्हे. हुकूम न मिळाल्यामुळे हातातलं पाणी सोडून देणारी किडनी ती.

किती पाणी सुटतं याचा ढोबळ हिशेब आहे: दर ग्रॅम अल्कोहोलमागे नेहमीपेक्षा सुमारे १० मिलिलिटर लघवी जास्त. रोज पिणाऱ्यांत हा परिणाम काहीसा बोथट होतो. आता व्हिस्कीची एक क्वार्टर घेऊ. १८० मिलिलिटर, ४२.८ टक्के, म्हणजे सुमारे ६१ ग्रॅम अल्कोहोल. जादा लघवी ६०० मिलिलिटर. क्वार्टरमध्ये पाणी जेमतेम १०० मिलिलिटर, वर दोन ग्लास पाणी धरलं तर एकूण आत गेलं ५००. नेहमीची लघवी आणि विदर्भातल्या मे महिन्याचा घाम वेगळाच. माणूस झोपायला जातो तो तोट्यात. बिअरमध्ये मुळातच पाणी भरपूर असल्याने हा तोटा तिथे सहसा होत नाही, हे काकांच्या बाजूने मान्य.

खरी गंमत मध्यरात्रीनंतर सुरू होते. शरीर तासाला साधारण ७-८ ग्रॅम अल्कोहोल जाळतं, म्हणजे ही क्वार्टर उतरायला आठ तास. पातळी उतरू लागली की व्हॅसोप्रेसिन परत येतं, आणि रक्त आटलेलं असल्याने जोरात येतं. सगळे नळ बाहेर. किडनी थेंब थेंब वाचवते. सकाळची लघवी कमी, गडद पिवळी, उग्र वासाची.

मुतखडे बहुतांशी कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात. रात्रभरात बाहेर पडणारं कॅल्शियम आणि ऑक्झलेट तेवढंच राहिलं, पण लघवी ५०० मिलिलिटरऐवजी २५० झाली, तर दोघांचंही प्रमाण दुप्पट होतं. स्फटिक बनण्याचा कल ढोबळमानाने या दोन प्रमाणांच्या गुणाकारावर चालतो, म्हणून तो चौपट. दिवसभराची लघवी मोजली तर दोन लिटर भरेल, सगळं ठीक वाटेल. खडा मात्र वाढतो तो त्या २५० मिलिलिटरमध्ये. सोबत चकण्याचे खारे दाणे असतातच. मिठाने लघवीतलं कॅल्शियम वाढतं, आणि शेंगदाण्यात ऑक्झलेट असतं. बिअरने युरिक अ‍ॅसिडही वाढतं, आणि लघवी आम्लधर्मी असेल तर त्याचे वेगळेच खडे होतात.

मग अमेरिकेत सुमारे दोन लाख आरोग्य व्यावसायिकांची वर्षानुवर्षं माहिती ठेवली, त्यात बिअर पिणाऱ्यांना खडे कमी का दिसले? दिसले, हे खरं आहे. पण ती पाहणी होती, कुणाला बिअर नेमून देऊन केलेला प्रयोग नव्हे. शिवाय तिथे प्रश्न होता नवा खडा होण्याचा, आधीचा पडण्याचा नव्हे. खडा किडनीतून मूत्राशयाकडे जाणाऱ्या नळीत अडकलेला असताना लघवीचा लोंढा वाढवला तर मागे दाब साचतो आणि कळ वाढते. ४ मिलिमीटरचा खडा बहुधा आपणहून पडतोच. म्हणून तर पोटाला तोंड लावून खडा ओढून काढणाऱ्या बाबांचाही धंदा चालतो. खडा पडला की श्रेय बाबाचं नाहीतर बिअरचं.

रक्तदाबातही अशीच दोन तोंडं आहेत. जास्त प्यायल्यावर पहिले बाराएक तास दाब उतरतो, रक्तवाहिन्या सैल पडतात. त्यानंतर तो नेहमीच्या वर जातो. रोज पिणाऱ्याचा दाब संध्याकाळी क्लिनिकमध्ये मोजला तर कालची क्वार्टर त्यात दिसेलच, पण ग्लास हातात असताना मोजला तर सगळं झकास. किडनीच्या गाळण्या म्हणजे केसाहून बारीक रक्तवाहिन्यांची गुंडाळी. वर्षानुवर्षं दाब चढा राहिला की त्यांच्याकडे जाणाऱ्या धमन्या जाड आणि ताठ होतात, गाळण्या एकेक करून बंद पडतात. दुखत काहीच नाही. दिवसाला पाच-सहा पेग घेणाऱ्यांनी ते निम्म्यावर आणले तर वरचा दाब पाचेक अंकांनी उतरतो.

सकाळी डोकं ठणकलं म्हणून डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेनची गोळी घेणं मात्र खरोखर धोक्याचं. शरीरात पाणी कमी असतं तेव्हा किडनी प्रोस्टाग्लँडिन नावाच्या रसायनाने आपल्याकडे येणारी धमनी उघडी धरून ठेवते. ही गोळी नेमकं तेच रसायन बंद करते, आणि किडनीचा पुरवठा अचानक आटू शकतो.

मामेभावाने रक्तातलं क्रिएटिनिन तपासलं होतं, ते नॉर्मल आलं. पण किडनीची निम्मी ताकद जाईपर्यंत क्रिएटिनिन नॉर्मल दिसू शकतं. म्हणून गाळण्यांतून प्रथिन गळतंय का हे पाहायला त्याला लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर करायला सांगितलं. ग्रॅममागे ३० मिलिग्रॅमच्या खाली असेल तर ते नॉर्मल मानतात. त्याचं १२ आलं. खडा जूनमध्ये पडला, बिअरविना. काका म्हणाले, लग्नातल्या दोन बाटल्यांचा परिणाम उशिरा झाला.